डीपीचा कोअर आणि कायम चुंबक: हिस्टेरेसिस लूपबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लोखंड चुंबकाला चिकटतं, तांबं का चिकटत नाही?

लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतःच एक बारीक चुंबक असतो. शेजारचे अणू एकमेकांना एकाच दिशेला तोंड करायला लावतात, त्यामुळे धातूच्या आत छोटे-छोटे प्रदेश तयार होतात. त्यांना डोमेन म्हणतात. एका डोमेनमधले सगळे अणू एका दिशेला असतात, पण शेजारच्या डोमेनची दिशा वेगळी असते. म्हणून साध्या खिळ्यात सगळ्यांची बेरीज शून्याजवळ येते आणि खिळा चुंबक वाटत नाही. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की अनुकूल दिशेचे डोमेन शेजाऱ्यांची जागा खात वाढतात, आणि क्षेत्र जास्त झालं की उरलेले वळून रांगेत येतात. लोखंड, निकेल, कोबाल्ट आणि त्यांचे बरेचसे मिश्रधातू असे वागतात, त्यांना लोहचुंबकीय म्हणतात. तांब्यात शेजाऱ्याला रांगेत लावणारी ही ओढच नसते.

ही ओढ उष्णतेने मोडते. लोखंडासाठी ती हद्द ७७० अंश सेल्सिअस आहे, तिला क्युरी तापमान म्हणतात. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीतून निघालेली लालभडक बिलेट विद्युतचुंबकाने उचलता येत नाही, ती याच कारणाने. तोच तुकडा थंड झाला की पटकन उचलला जातो.

हिस्टेरेसिस लूप म्हणजे नक्की काय?

पोलादाच्या कड्यावर तार गुंडाळा आणि करंट शून्यापासून वाढवत न्या. करंटमुळे जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं त्याला H म्हणा, आणि पोलादात प्रत्यक्ष जे चुंबकत्व भरतं त्याला B. सुरुवातीला B झपाट्याने चढतो, मग वाकतो आणि शेवटी जवळपास सपाट होतो, कारण सगळे डोमेन रांगेत लागलेले असतात. हे सॅच्युरेशन. शुद्ध लोखंडात ते साधारण २.१५ टेस्लाला येतं, ट्रान्सफॉर्मरच्या सिलिकॉन स्टीलमध्ये २ टेस्लाच्या आसपास.

आता करंट कमी करा. B त्याच वाटेने खाली येत नाही, मागे रेंगाळतो. करंट शून्य झाला तरी काही B शिल्लक राहतो, त्या शिल्लकीला रिटेन्टिव्हिटी म्हणतात. ती पुसून टाकायला उलट दिशेने करंट द्यावा लागतो. B शून्य होतो तेव्हा जेवढा उलटा H लागलेला असतो, ती कोअर्सिव्हिटी. पुढे उलट दिशेला सॅच्युरेशनपर्यंत जाऊन परत फिरलात की बंद वळसा पुरा होतो. B हा H च्या मागे पडतो, म्हणून जेम्स ईविंग या स्कॉटिश अभियंत्याने १८८० च्या दशकात त्याला हिस्टेरेसिस, म्हणजे मागे पडणं, हे नाव दिलं.

मग रिटेन्टिव्हिटी जास्त तो पदार्थ कायम चुंबकाला चांगला, असंच ना?

नाही. इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो, परीक्षेतही आणि बाजारातही.

स्पीकरच्या मागचा काळा फेराइट चुंबक पाहा. त्याची रिटेन्टिव्हिटी जेमतेम ०.४ टेस्ला. ट्रान्सफॉर्मरच्या सिलिकॉन स्टीलच्या, म्हणजे सीआरजीओच्या, पट्टीचं बंद कडं केलं तर त्यात एक टेस्लाच्या वर शिल्लक राहते. तरीही फेराइट वर्षानुवर्षं चुंबक राहतो आणि सीआरजीओची पट्टी राहत नाही. फरक कोअर्सिव्हिटीचा आहे. सीआरजीओचं शिल्लक चुंबकत्व पुसायला मीटरला ५ ते १० अँपिअर पुरतात. फेराइटला अडीच लाखांच्या घरात लागतात. ती पट्टी कड्यातून सुटी केली की तिच्या स्वतःच्याच टोकांमुळे उलट क्षेत्र तयार होतं आणि तेवढ्यानेच चुंबकत्व जातं.

थोडक्यात, किती भरलं हे रिटेन्टिव्हिटी सांगते, आणि भरलेलं टिकेल का हे कोअर्सिव्हिटी सांगते. कायम चुंबकाला दोन्ही लागतात, पण पहिली चाळणी कोअर्सिव्हिटीचीच. बारावीच्या उत्तरात "कायम चुंबकासाठी पोलाद" लिहिलं तर गुण मिळतात. कारखान्यात मात्र साध्या पोलादाचे कायम चुंबक आता कुणी बनवत नाही.

लूपचा आतला भाग किती मोठा, याने काय फरक पडतो?

लूपच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनात दर घनमीटरमागे उष्णतेत गेलेली ऊर्जा. डोमेनच्या भिंती अशुद्धी आणि ताणलेल्या जागांना अडकत-सुटत सरकतात, त्या घासाघाशीत ही ऊर्जा जाते. आपल्या विजेत असं सेकंदाला ५० वेळा होतं.

अंदाजासाठी लूप चौकोनी धरू. खरा लूप याहून थोडा लहान असतो, म्हणजे हिशेब वरचा येईल. सीआरजीओत B कमाल १.६ टेस्ला आणि कोअर्सिव्हिटी ८ धरली, तर क्षेत्रफळ ४ × १.६ × ८ = सुमारे ५१ जूल. घनमीटरला ७६५० किलो वजन, म्हणजे किलोमागे एका आवर्तनात ०.००६७ जूल, आणि ५० आवर्तनांनी ०.३३ वॅट. साध्या बांधकामाच्या पोलादाची कोअर्सिव्हिटी २०० धरली तर त्याच हिशेबाने किलोमागे ८ वॅटच्या वर जातं. एका कोअरमध्ये दीडशे किलो पोलाद असेल तर नुसत्या हिस्टेरेसिसने बाराशे वॅटची शेगडी रात्रंदिवस पेटलेली.

सीआरजीओत प्रत्यक्ष मोजलेला तोटा किलोमागे एका वॅटच्या आसपास येतो. उरलेला भाग एडी करंटचा, म्हणजे पत्र्यातच फिरणाऱ्या करंटचा. तो आवरायला पत्रे ०.२३ ते ०.३ मिलिमीटर जाडीचे ठेवतात, त्यांच्यावर इन्सुलेशनचा लेप देतात आणि पोलादात सुमारे ३ टक्के सिलिकॉन मिसळतात.

आमची डीपी रिवायंडिंग करून आली. रेशो बरोबर आहे, तरी रात्री घुमते आणि लोड नसतानाही तापते. का?

गावाकडे ही तक्रार फार. उदाहरणच घेऊ: १०० केव्हीएची डीपी, ११ केव्ही बाय ४३३ व्होल्ट, कोअरचं निव्वळ क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर, कोअरचं वजन सुमारे १६० किलो. एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या, बाजूला फेजला २५० व्होल्ट आणि मूळचे ५६ वेढे. हिशेबाचं सूत्र हे, त्यात f म्हणजे सेकंदाची आवर्तनं, N म्हणजे वेढे आणि A म्हणजे कोअरचं क्षेत्रफळ:

```
V = 4.44 × f × N × A × B
B = 250 / (4.44 × 50 × 56 × 0.0126) = 1.6 T
```

मूळ डिझाइन १.६ टेस्लाचं, म्हणजे ठीकठाक. आता समजा तार वाचवायला एलटीला ५६ ऐवजी ५० वेढे घातले, आणि एचटीला, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूलाही, त्याच प्रमाणात २४६४ ऐवजी २२०० घातले. दोन्हीकडे सारखेच कमी, म्हणून रेशो मीटर अगदी बरोबर दाखवतो. पण प्रत्येक वेढ्यावर येणारे व्होल्ट ४.४६ वरून ५ झाले आणि B गेला १.७९ टेस्लावर. सीआरजीओ इथे वाकलेल्या भागात असतो, तोटा जवळपास दीडपट होतो आणि मॅग्नेटायझिंग करंट त्याहून झपाट्याने वाढतो.

रात्रीच का? रात्री पंप बंद होतात, लाइनवरचा लोड कमी होतो आणि व्होल्टेज चढतं. ७ टक्के जास्त आलं तरी B पोचतो १.९१ वर, सॅच्युरेशनच्या तोंडाशी. पत्रे दर आवर्तनात दोनदा ताणून सुटतात, त्याची ती घुमघुम. दिवसा पंप चालू असताना व्होल्टेज पडतं आणि डीपी शांत वाटते. त्यामुळे दिवसा कुणी बघायला आलं तर त्याला काहीच सापडत नाही.

दुसरी शक्यता कोअरच्या पत्र्यांची. उघडताना काही पत्रे वाकले, ते टाकून दिले आणि बदली घातलेच नाहीत, तर क्षेत्रफळ कमी होतं. दहा टक्के पत्रे कमी म्हणजे वेढे कमी केल्यासारखाच परिणाम. तिसरी आणि सर्वांत वाईट शक्यता, बदली म्हणून मोटारीचं सीआरएनओ किंवा साधा पत्रा घातलेला असणं.

सीआरजीओ ऐवजी मोटारीचा पत्रा वापरला तर खरंच एवढं बिघडतं?

हिशेब करा. १६० किलोचा सीआरजीओ कोअर, जोडांचा जादा तोटा धरून, साधारण २०० वॅट खातो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या मध्यम प्रतीच्या सीआरएनओचा तोटा १.६ टेस्लाला किलोमागे साडेपाच वॅटच्या आसपास येतो, म्हणजे ८८० वॅट. फरक ६८० वॅटचा, आणि डीपीला दिवाळी-दसरा नसतो. वर्षाच्या ८७६० तासांत जवळपास ६००० युनिट कुणाच्याही मीटरवर न येता तेलात जातात. शिवाय त्या उष्णतेने तेल आणि कागद लवकर म्हातारे होतात, म्हणजे तीच डीपी पुन्हा जळते.

सीआरजीओची खुबी अशी की त्याचे कण एका दिशेला, पट्टी लाटली त्या दिशेला, लावलेले असतात. त्या दिशेने फ्लक्स गेला तरच तोटा कमी. पट्टी आडवी कापली तर तीच पट्टी कित्येक पट तोटा देते. मोटारीत फ्लक्स फिरत राहतो, एक दिशा नसते, म्हणून तिथे सर्व बाजूंनी सारखं वागणारं सीआरएनओ योग्य. दोन्ही पत्रे सिलिकॉन स्टीलचेच, पण त्यांची अदलाबदल चालत नाही.

कोअर उघडताना आणि बसवताना काय सांभाळायचं?

हातोडा. सीआरजीओला ठोकलं किंवा वाकवलं की आत ताण राहतो, डोमेनच्या भिंती अडकायला नवी ठिकाणं मिळतात आणि कोअर्सिव्हिटी वाढते. वरून पत्रा सरळ दिसतो पण लूप रुंद झालेला असतो. कारखान्यात कापलेले पत्रे म्हणूनच सुमारे ८०० अंशाला, हवा न लागू देता, पुन्हा तापवतात. गावच्या दुकानात ती भट्टी नसते, म्हणून तिथे ठोकलेला पत्रा परत सुधारत नाही. लाकडी ठोकळ्याने हलकेच सरकवा, लोखंडी हातोड्याने नको.

कापलेल्या कडेवर बर, म्हणजे धातूचा खरखरीत कंगोरा, राहिला तर दोन पत्रे तिथे एकमेकांना टेकतात आणि एडी करंटला वाट मिळते. कडेवरून बोट फिरवलं आणि खरखर लागली तर तो पत्रा बाजूला ठेवा. लेप ओरबाडलेल्या पत्र्यांचंही तेच. योक, म्हणजे कोअरचा आडवा भाग, परत बसवताना ४५ अंशाच्या जोडात फट राहिली तर तोट्यापेक्षा नो-लोड करंट आधी वाढतो, आणि ओळखायला ही चांगली खूण आहे.

बिघाड पैसे देण्याआधी कसा पकडायचा?

नो-लोड टेस्टने. ती वर्कशॉपमध्येच आणि अनुभवी माणसानेच करायची, कारण एलटीला ४३३ व्होल्ट दिले की एचटीच्या बुशिंगवर पूर्ण ११ हजार व्होल्ट येतात. एचटीची टर्मिनलं उघडी, सभोवती दोरी, जवळ कुणी नाही.

तीन फेज व्हेरिअॅकने व्होल्टेज शून्यापासून हळूहळू ४३३ पर्यंत चढवा. १०० केव्हीएला एलटीचा पूर्ण करंट १३३ अँपिअर असतो. चांगल्या कोअरला नो-लोडला त्याचे २-३ टक्के, म्हणजे साधारण ३ ते ४ अँपिअर लागतात. तिन्ही फेज सारखे येणार नाहीत, त्याने घाबरू नका. मधल्या लिंबचा, म्हणजे कोअरच्या मधल्या उभ्या खांबाचा, मार्ग आखूड असतो, म्हणून मधल्या फेजचा करंट बाजूच्या दोघांपेक्षा कमी येतो. बाजूच्या दोघांत मोठा फरक आला तर मात्र एका बाजूचा जोड तपासा.

मग व्होल्टेज साडेबारा टक्क्यांनी वाढवून ४८७ करा. करंट दुपटीच्या आत राहिला तर कोअर मोकळा आहे. चौपट-पाचपट उडाला तर वेढे किंवा पत्रे कमी आहेत. वॅटमीटर जोडलेला असेल तर दुसरीही गोष्ट कळते: वॅट खूप पण करंट फारसा नाही, तर पत्रा हलका किंवा लेप गेलेला, करंट खूप पण वॅट थोडेच जास्त, तर फट किंवा सॅच्युरेशन. रिवायंडिंगच्या बिलात हे दोन आकडे लिहून मागा. रेशोच्या कागदावर समाधान मानू नका.

लाईट आली की लगेच डीओ फ्यूज उडतो. यात कोअरचा दोष असतो का?

दोष नसतानाही असं होऊ शकतं, आणि इथे रिटेन्टिव्हिटी आड येते. लाईट गेली त्या क्षणी कोअरमध्ये काही चुंबकत्व अडकून राहतं. जोडांच्या फटीमुळे ते पट्टीच्या मूळ रिटेन्टिव्हिटीपेक्षा कमी असतं, पण शून्य नसतं. परत लाईट येताना व्होल्टेज नेमकं शून्यातून जात असेल तर फ्लक्स नेहमीच्या दुप्पट, म्हणजे ३.२ टेस्लापर्यंत जाऊ पाहतो, वर आधीची शिल्लक. कोअर २ टेस्लालाच भरतो, मग वाइंडिंग जवळपास नुसत्या तारेसारखी वागते आणि करंट पूर्ण लोडच्या आठ-दहा पट उसळतो. १०० केव्हीएला एचटीचा पूर्ण करंट सव्वापाच अँपिअर, म्हणजे क्षणभर पन्नासच्या घरात.

हा झटका सेकंदाच्या आतच बराचसा ओसरतो. डीओ त्याच क्षणी उडाला तर या झटक्यावर संशय घ्या. दोन-पाच सेकंदांनी उडाला तर बहुधा शिवारातले सगळे ऑटो स्विच एकदम ओढले गेलेत आणि पंपांचा स्टार्टिंग करंट बसलाय. दोन्हींवर उपाय म्हणून डीओत जाड तार घालणं हा सर्वांत महाग उपाय आहे, कारण पुढच्या खऱ्या शॉर्टला तार वितळत नाही, वाइंडिंग वितळते.

अमॉर्फस कोअर म्हणजे काय? तो घ्यावा का?

वितळलेला धातू इतक्या वेगाने थंड करतात की त्यात स्फटिक बनायलाच वेळ मिळत नाही. लूप फार अरुंद, पट्टी फार पातळ, त्यामुळे नो-लोड तोटा सीआरजीओच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण सॅच्युरेशन १.५६ टेस्लाच्या आसपासच, म्हणून कोअर मोठा लागतो, आणि पट्टी ठिसूळ असते. दिवसातले बरेच तास रिकाम्या राहणाऱ्या डीपीला तो हिशेबात बसतो. मात्र तालुक्याच्या रिवायंडिंग दुकानात उघडून पुन्हा बांधण्याचा तो प्रकार नाही.

कायम चुंबकाला कोणता पदार्थ घ्यावा?

तीनच नावं लक्षात ठेवा. फेराइट स्वस्त, गंजत नाही, उष्णतेत कोअर्सिव्हिटी उलट वाढते. ताकद कमी, म्हणून आकार मोठा लागतो. जागा असेल तिथे पहिली निवड त्याचीच. अल्निकोची रिटेन्टिव्हिटी १.२ टेस्लाच्या वर आणि तो कित्येकशे अंश सोसतो, पण कोअर्सिव्हिटी फक्त ५० हजारांच्या आसपास. जुन्या मीटरमधला किंवा मॅग्नेटोमधला अल्निको चुंबक लोखंडी पट्टी न लावता नुसता बाहेर काढला तर तो तिथल्या तिथे निम्मा होऊ शकतो, आणि परत बसवल्यावर मीटर चुकतं. निओडिमियम सर्वांत ताकदवान, १.२ टेस्ला आणि नऊ लाखांच्या पुढे कोअर्सिव्हिटी. त्याचे शत्रू दोन: गंज आणि उष्णता.

निओडिमियम चुंबक ८० अंश सोसतो असं लिहिलंय, मग पातळ चकती आधीच का कमजोर होते?

कारण तो आकडा आकारावर अवलंबून असतो, हे पाकिटावर लिहीत नाहीत. साध्या ग्रेडची कोअर्सिव्हिटी दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्यांनी घसरते आणि रिटेन्टिव्हिटी ०.१२ टक्क्यांनी. २० अंशाला ९५५ हजार असलेली कोअर्सिव्हिटी १०० अंशाला ५०० हजारांवर येते. रिटेन्टिव्हिटी मात्र १.२ वरून १.०८ वरच उतरते.

आता २० मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची चकती घ्या. तिचे दोन्ही ध्रुव इतके जवळ असतात की तिचं स्वतःचं उलट क्षेत्र १०० अंशाला सुमारे ५७५ हजार येतं. सोसायची ताकद ५००, मार ५७५: मधले डोमेन उलटतात आणि थंड झाल्यावरही परत फिरत नाहीत. त्याच ग्रेडचा २० मिलिमीटर लांबीचा दंडगोल घेतला तर उलट क्षेत्र ३०० हजारांच्या आतच राहतं आणि तो वाचतो. ८० अंशाला चकतीचा हिशेब ५९१ विरुद्ध ६११ असा येतो, म्हणजे ती अगदी काठावर.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पत्र्याच्या शेडखाली हवाच ४५ अंश असते. त्यात बंद मोटारीच्या आतलं तापमान मोजा. मोटारीत वाइंडिंगचं उलट क्षेत्रही वर येतं. अशा ठिकाणी साधा ग्रेड नको. नावापुढे एसएच असलेला, १५० अंशाचा घ्या. त्यात डिस्प्रोशियमसारखं मूलद्रव्य घालून कोअर्सिव्हिटी वाढवलेली असते, म्हणून तो महाग पडतो.

विकत आणलेला चुंबक खरंच एसएच आहे, हे कसं कळेल?

मोटारीत बसवायच्या आकाराचाच एक चुंबक घ्या. सपाट जाड लोखंडी पाटीवर, मध्ये एक-दोन मिलिमीटर पुठ्ठा ठेवून, हुकवाल्या वजनकाट्याने तो सुटेपर्यंत ओढा आणि आकडा लिहा. पाच वेळा करून सरासरी काढा. मग त्याला लोखंडापासून दूर, दोऱ्याने टांगून, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर पाणी ९८ अंशाला उकळतं, तेवढं पुरेसं आहे. खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्या, पुसून तसंच मोजा. एसएचमध्ये फरक काट्याच्या चुकीपलीकडे जाणार नाही. पातळ चकती साध्या ग्रेडची असेल तर ओढ ठळकपणे उतरलेली दिसेल. गरम असतानाच मोजू नका, कारण तेव्हाची घट चांगल्या चुंबकातही असते आणि ती थंड झाल्यावर भरून निघते.

भंगार उचलणाऱ्या क्रेनच्या चुंबकाला काय वापरतात?

कमी कार्बनचं मऊ पोलाद आणि भोवती डीसी कॉइल. इथे लूप अरुंद हवा, तोट्यासाठी नव्हे, कारण करंट डीसी असतो. माल सुटावा म्हणून. स्विच बंद केल्यावरही पत्र्याचे हलके तुकडे चिकटून राहत असतील तर कॉइलमध्ये क्षणभर उलटा करंट देतात, अगदी कोअर्सिव्हिटीएवढा. जास्त वेळ दिला तर चुंबक उलट्या दिशेने भरतो आणि तेच तुकडे पुन्हा ओढून घेतो.